झाकण घट्ट, तरी गॅस गेला कुठे?

घरी चार पाहुणे येऊन गेले की दोन लिटरच्या कोल्ड ड्रिंकची अर्धी बाटली हमखास उरते. आपण झाकण पिळून घट्ट लावतो आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी उघडताना ‘फस्स’ असा आवाज येतो, म्हणजे झाकणातून काही गळलेलं नसतं. पण घोट घ्यावा तर ते पेय निम्मं सपक झालेलं असतं. तिसऱ्या दिवशी तर नुसतं साखरेचं पाणी उरतं. बाटली बंद होती, झाकण गळत नव्हतं, मग गॅस गेला कुठे?

तो बाटलीतच होता, पण पेयात राहिला नव्हता. पेयाच्या वर जी रिकामी जागा तयार झाली होती, तिथे तो जाऊन बसला आणि झाकण उघडताच घराच्या हवेत मिसळला. झाकण लावून आपण त्याला खोलीत जाण्यापासून रोखलं, पेयातून निघण्यापासून मात्र रोखू शकलो नाही. हे असं का होतं आणि नेमका किती गॅस निघून जातो, याचा हिशेब आपल्याला घरबसल्या मांडता येतो. त्यासाठी द्रवात वायू कसा विरघळतो, एवढंच नीट समजून घ्यावं लागतं.

आत जाणारे आणि बाहेर पडणारे

सोडा असो की कोला, त्यातला गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. बंद बाटलीत पाण्याच्या पृष्ठभागावर या वायूचे रेणू सतत आदळत असतात आणि त्यातले काही पाण्यात शिरतात. त्याच वेळी पाण्यात आधीच असलेले काही रेणू पृष्ठभागाशी येऊन बाहेर निसटतात. ही ये-जा कधीच थांबत नाही. गर्दीच्या दिवशी देवळात जितके भाविक आत जातात तितकेच बाहेर पडू लागले, की आतली संख्या तेवढीच राहते, माणसं मात्र बदलत असतात. पाण्यातल्या वायूचंही तसंच. आत जाणं आणि बाहेर पडणं सारख्या वेगानं होऊ लागलं की पाण्यातलं वायूचं प्रमाण स्थिर होतं. त्याला आपण संतुलन म्हणतो.

आता पाण्यावरच्या वायूचा दाब दुप्पट केला तर काय होईल? तेवढ्याच जागेत दुप्पट रेणू आल्यानं पृष्ठभागावर दर सेकंदाला दुप्पट रेणू आदळतील आणि आत जाणाऱ्यांचा वेग दुप्पट होईल. बाहेर पडणाऱ्यांचा वेग त्याच्या बरोबरीला यायचा, तर पाण्यातले रेणूही दुप्पट व्हायला हवेत. म्हणजे दाब दुप्पट केला की विरघळलेला वायू दुप्पट होतो, तिप्पट केला की तिप्पट.

हा नियम मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यानं १८०३ साली प्रसिद्ध केला. हेन्रीचं घराणं औषधं तयार करणारं होतं आणि त्याचे वडील टॉमस हेन्री कृत्रिम खनिज पाणी, म्हणजे आजच्या भाषेत सोडावॉटर, तयार करून विकत असत. त्याआधी काही दशकं लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली शेजारच्या दारूभट्टीतल्या पिंपांवर साचणाऱ्या वायूवर प्रयोग करत होता. खडूवर आम्ल घालून निघणारा वायू पाण्यात कसा मिसळायचा, याची पुस्तिका त्यानं १७७२ साली छापली होती. सोडा बनवणं लोकांना आधी जमलं आणि त्यामागचा नियम हेन्रीनं मोजमाप करून नंतर सांगितला.

हेन्रीच्या मित्रानं, जॉन डाल्टननं, याच सुमारास आणखी एक गोष्ट मांडली. हवेसारख्या मिश्रणात प्रत्येक वायू आपापला वेगळा दाब देतो, जणू बाकीचे वायू तिथे नाहीतच. त्याला आंशिक दाब म्हणतात. हेन्रीच्या नियमातला दाब म्हणजे त्या त्या वायूचा आंशिक दाब. बाटलीत कार्बन डायऑक्साइड किती विरघळून राहील, हे फक्त वरच्या कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर ठरतं. तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजन कितीही कोंबले तरी त्याला फरक पडत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे बाजारातल्या एका उपकरणाची परीक्षा घेताना तो लागणार आहे.

या नियमाला मर्यादाही आहेत. वायू पाण्यात जवळजवळ जसाच्या तसा राहत असेल, तरच तो नीट लागू पडतो. अमोनियासारखा वायू पाण्याशी जोरात अभिक्रिया करतो, म्हणून त्याला हा साधा हिशेब चालत नाही. कार्बन डायऑक्साइडही पाण्याशी थोडी अभिक्रिया करून कार्बनिक आम्ल तयार करतो, पण हा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, त्यामुळे आपल्या बाटलीचा हिशेब बिघडत नाही. एवढंसं आम्ल जिभेला मात्र चांगलं जाणवतं. सोड्याचा जो झणका आपल्याला आवडतो, तो मुख्यतः या आम्लाचा असतो, बुडबुड्यांच्या टोचण्याचा नव्हे.

थंडीत धरून ठेवतं, उन्हाळ्यात सोडून देतं

मीठ आणि साखर गरम पाण्यात जास्त विरघळतात, म्हणून वायूचंही तसंच असेल असं वाटतं. पाण्यात वायूचं नेमकं उलट घडतं. वायूचा रेणू पाण्यात शिरतो तेव्हा भोवतालच्या पाण्याच्या रेणूंशी त्याचं हलकंसं आकर्षण जुळतं आणि थोडी उष्णता बाहेर पडते. पाणी तापवलं की रेणूंची धावपळ वाढते, हे हलकं बंधन टिकत नाही आणि बाहेर निसटणाऱ्यांची संख्या वाढते. चुलीवर पाणी ठेवलं की उकळी फुटायच्या कितीतरी आधी भांड्याच्या बुडाशी बारीक बुडबुडे दिसतात. ते बहुतांशी पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात.

कार्बन डायऑक्साइडचे आकडे पाहिले तर हा फरक केवढा आहे ते कळतं. पाण्यावर या वायूचा दाब आपल्या रोजच्या हवेच्या दाबाइतका ठेवला, तर ५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे २.८ ग्रॅम वायू विरघळतो. २५ अंशांना तो जेमतेम दीड ग्रॅम होतो आणि ४० अंशांना एक ग्रॅमच्याही किंचित खाली येतो. फ्रिजमधून काढलेलं पाणी आणि नागपूरच्या मे महिन्यातलं पाणी यांच्या धारणशक्तीत असा जवळजवळ तिपटीचा फरक पडतो.

बाजारातल्या झणझणीत पेयात लिटरमागे सुमारे सात ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो असं धरू. हा वायू मोकळा केला तर खोलीच्या तापमानाला त्यानं जवळजवळ चार लिटर जागा व्यापली असती. लिटरभर पेयात तो टिकवून धरायला दाब लागतो, आणि किती, ते हेन्रीचा नियम सांगतो. ५ अंशांना सातला २.८ नं भागा, म्हणजे हवेच्या दाबाच्या अडीच पट दाब पुरतो. ३० अंशांना तोच दाब साडेपाच पटींवर जातो आणि ४० अंशांना सात पटींच्या आसपास. बाटली तीच आणि आतला वायूही तेवढाच, पण उन्हात उभ्या गाडीत राहिली तर ती दगडासारखी कडक लागते आणि झाकण उघडताच अर्धं पेय कपड्यांवर येतं. हे आकडे साध्या पाण्याचे आहेत. साखरेच्या पाण्यात वायू थोडा कमी विरघळतो, त्यामुळे गोड पेयात दाब आणखी थोडा वर जातो.

गोटी सोड्याच्या यंत्रापाशी

दाब, तापमान आणि हलवणं या तिन्ही गोष्टी एका जागी पाहायच्या असतील तर गोटी सोडा भरतात तिथे उभं राहावं. या बाटलीची कल्पना हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याची. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं तिचं पेटंट घेतलं आणि पुढे ती भारतात आली ती कायमची. बाटलीच्या गळ्याला आत दाबलेला एक खोलगट भाग असतो, त्यात काचेची गोटी फिरते आणि तोंडाशी आतल्या बाजूनं रबराची चकती बसवलेली असते.

भरणारा आधी बाटलीत गार पाणी भरतो आणि थोडी जागा मोकळी ठेवतो. मग ती यंत्राच्या चौकटीत अडकवून कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला जोडतो आणि दांडा धरून चौकट गरागरा फिरवतो. हे फिरवणं फार महत्त्वाचं आहे. पाण्यात शेवटी किती वायू जाईल ते दाब आणि तापमान ठरवतात, पण तो किती वेळात जाईल ते वायू आणि पाणी एकमेकांना किती भिडतात यावर अवलंबून असतं. बाटली स्थिर ठेवली तर फक्त वरचा पातळ थर भरतो आणि तिथून वायूचे रेणू अतिशय सावकाश खाली सरकतात. नुसत्या त्या सरकण्यावर सोडलं तर दहा सेंटीमीटर खोल पोहोचायला कित्येक आठवडे लागतील. फिरवल्यानं पाणी आणि वायू घुसळले जातात आणि काही सेकंदांत काम होतं.

शेवटी बाटली उलटी असतानाच वायूचा पुरवठा बंद होतो. उलट्या बाटलीत गोटी घरंगळून तोंडाशी येते आणि आतला दाब तिला रबरावर घट्ट दाबून बसवतो. म्हणजे या बाटलीचं बूच आतला गॅसच धरून ठेवतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा हवेच्या दाबाच्या चौपटीनं जास्त असेल आणि तोंडाचा व्यास सेंटीमीटरभर असेल, तर त्या गोटीवर सुमारे तीन किलो वजनाइतका जोर बसतो. म्हणून सोडेवाला लाकडी ठोकळा ठेवून वरून तळहाताचा ठोसा देतो तेव्हा कुठे ती आत पडते. त्याच बाटल्या दुपारच्या उन्हात तापल्या तर दाब वाढलेला असतो आणि ठोसाही जास्त जोरात द्यावा लागतो.

उघडल्यावर सगळा गॅस एकदम का जात नाही?

बाटली उघडली की वरचा दाब क्षणात हवेच्या दाबाइतका होतो. त्यातही आपल्या हवेत कार्बन डायऑक्साइड फारच थोडा, दहा लाख भागांत जेमतेम सव्वाचारशे भाग. हेन्रीच्या नियमानं पाहिलं तर उघड्या ग्लासातल्या पेयानं शेवटी लिटरमागे मिलिग्रॅमच्या आसपासच वायू स्वतःजवळ ठेवायचा असतो. आत आहेत सात ग्रॅम. म्हणजे जवळजवळ सगळा वायू जायचाच आहे, फक्त तो लगेच जात नाही. आपल्याला सोडा पिता येतो तो या उशिरामुळेच.

उशीर होतो, कारण बुडबुडा जन्माला येणं अवघड असतं. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या रबरासारखा आकसू पाहतो आणि बुडबुड्याला सगळीकडून चेपतो. बुडबुडा जितका लहान, तितकं हे चेपणं जास्त. एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्रिज्येच्या बुडबुड्याला पृष्ठताण हवेच्या दाबाच्या जवळजवळ दीडपट जास्तीच्या दाबानं चेपत असतो. त्याच्या दशांश आकाराच्या बुडबुड्याला त्याच्या दसपट दाब सोसावा लागतो. नुकत्याच उघडलेल्या पेयात वायूचा जो जास्तीचा जोर असतो, तो एवढ्या चिमुकल्या बुडबुड्याला फुगवायला पुरत नाही. म्हणून स्वच्छ द्रवाच्या मधोमध बुडबुडा आपोआप तयार होत नाही. त्याला सुरुवातीलाच थोडा मोठा, तयार हवेचा कण लागतो.

असे कण ग्लासाच्या भिंतीला असतात. पुसलेल्या फडक्याचा एखादा सुती तंतू, काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण यांच्या पोकळीत पेय ओततानाच हवा अडकून राहते. काचेच्या ग्लासात सोडा ओतून डोळे जवळ न्या, म्हणजे बुडबुड्यांच्या माळा ठराविक ठिकाणांहूनच वर चढताना दिसतील. प्रत्येक माळेच्या तळाशी असाच एखादा तंतू किंवा ओरखडा असतो. त्यातल्या हवेत भोवतालचा कार्बन डायऑक्साइड शिरतो, बुडबुडा फुगतो, सुटून वर निघतो आणि मागे थोडी हवा राहिल्यानं पुढचा लगेच तयार होऊ लागतो. माळ नीट पाहिली तर खालचे बुडबुडे लहान आणि जवळजवळ असतात, वर जाताना ते मोठे होतात आणि त्यांच्यातलं अंतर वाढतं. ग्लासाच्या बोटभर उंचीत पाण्याचा दाब फारसा बदलत नाही, त्यामुळे हे फुगणं दाब कमी झाल्यानं नसतं. वर जाता जाता बुडबुडा वाटेतल्या पेयातला वायू गोळा करत असतो. मोठा झाला की त्याची तरंगण्याची ताकद वाढते आणि तो वेगानं पुढे निघतो.

लिंबू सोड्यात चिमूटभर मीठ टाकलं की ग्लास उसळून का येतो, तेही यातून समजतं. मिठाच्या खडबडीत कणांबरोबर हजारो बारीक हवेच्या जागा एकदम आत जातात आणि प्रत्येक जागी बुडबुडे सुटतात. साखर टाकून पाहा किंवा धुतलेली, वाळवलेली बारीक वाळू. वाळू तर विरघळतही नाही, तरी सोडा उसळतो. मिठानं पाण्याची वायू धरण्याची क्षमता थोडी घटते हे खरं, पण त्या उसळीचं मुख्य कारण कणांचा पृष्ठभाग आहे. मीठ आधी लिंबाच्या रसात पूर्ण विरघळवून घ्यावं आणि मग सोडा कडेनं सावकाश ओतावा. उसळी कमी होते आणि तेवढा झणका ग्लासात राहतो.

हलवलेली बाटली उघडल्यावर कारंजं उडतं, त्याचं कारणही हेच. हलवल्यानं आतला दाब वाढला असं आपण समजतो. पण बरेच दिवस बंद असलेल्या बाटलीत संतुलन आधीच झालेलं असतं आणि हलवून दाब फारसा बदलत नाही. बदल होतो तो इतकाच, की वरच्या वायूचे असंख्य बारीक बुडबुडे पेयात मिसळतात. झाकण उघडताच हे सगळे एकदम फुगतात आणि वरचं पेय ढकलत बाहेर येतात. बाटली काही मिनिटं उभी ठेवली तर ते वर येऊन फुटतात आणि मग उघडताना कारंजं उडत नाही.

अर्ध्या बाटलीचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. दोन लिटरची बाटली, त्यातलं लिटरभर पेय पाहुण्यांना दिलं. उघडण्यात आणि ओतण्यात थोडा गॅस गेला आणि उरलेल्या एक लिटरमध्ये सहा ग्रॅम राहिला असं समजू. झाकण लावलं आणि बाटली ५ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवली. आत आता एक लिटर पेय आणि एक लिटर रिकामी जागा आहे.

त्या रिकाम्या जागेत सुरुवातीला मुख्यतः साधी हवा आहे, कार्बन डायऑक्साइड थोडाच. पेयातून तो बाहेर पडत राहतो आणि वर त्याचा दाब वाढत जातो. हवेच्या एका दाबाला लिटरभर पेय २.८ ग्रॅम धरतं आणि त्याच दाबाला वरच्या लिटरभर जागेत १.९ ग्रॅम वायू मावतो. सहा ग्रॅम या दोघांत त्याच प्रमाणात वाटले जाणार. हिशेब केला तर वरचा कार्बन डायऑक्साइड हवेच्या दाबाच्या १.३ पटीच्या जवळ पोहोचल्यावर संतुलन होतं. तेव्हा पेयात साडेतीन ग्रॅम उरतो आणि वर अडीच ग्रॅम जातो. झाकणातून कणभरही न गळता चाळीस टक्के गॅस पेयाबाहेर पडलेला असतो.

हीच बाटली फ्रिजबाहेर ३० अंशांत राहिली, तर पेयात जेमतेम अडीच ग्रॅम उरतो आणि साडेतीन ग्रॅम वर जातो. पेयाची धारणशक्ती निम्म्याहून कमी झाली, वरच्या जागेची मात्र फारशी नाही, म्हणून वाटणी उलटते.

दुसऱ्या दिवशी आपण बाटली उघडतो. ‘फस्स’ आवाज येतो, तो वर साठलेल्या अडीच ग्रॅमचा. तो सगळा घराच्या हवेत गेला असं धरू. अर्धा लिटर प्यायलो, अर्धा उरला आणि झाकण पुन्हा लावलं. आता अर्ध्या लिटर पेयात पावणेदोन ग्रॅम गॅस आहे आणि वर दीड लिटर रिकामी जागा. पुन्हा वाटणी होते आणि या वेळी पेयात लिटरमागे सुमारे १.१ ग्रॅमच उरतो. सातवरून एकवर यायला दोन वेळा उघडणं पुरलं. तिसऱ्या दिवशी आपल्याला नुसतं साखरेचं पाणी लागतं ते यामुळेच.

हा पूर्ण संतुलनाचा हिशेब आहे. बाटली अजिबात हलली नाही तर तिथे पोहोचायला वेळ लागतो, कारण गॅसला खालून वर सावकाश यावं लागतं. फ्रिजच्या दाराशी ठेवलेली बाटली मात्र दार उघडताना दर वेळी हिंदकळते आणि वाटणी लवकर उरकते. म्हणून ती आत मागच्या बाजूला उभी ठेवावी.

दाबून ठेवावी की हवा भरावी?

अनेक घरांत बाटली चेपून, वरची हवा काढून मग झाकण लावतात. रिकामी जागा नाही तर गॅस जाणार कुठे, हा त्यामागचा विचार. पण चेपलेली प्लॅस्टिकची बाटली तशी राहत नाही. पेयातला गॅस बाहेर येतो आणि तिच्या भिंती पुन्हा फुगवतो. फुगून ती मूळ आकारावर आली की वर तीच लिटरभर जागा असते, फक्त या वेळी शुद्ध कार्बन डायऑक्साइडनं भरलेली. त्याचा दाब पुन्हा १.३ पटीच येतो आणि पेयात तेच साडेतीन ग्रॅम उरतात. चेपण्यानं फायदा शून्य. उलट सुरुवातीला आतला एकूण दाब कमी असल्यानं बुडबुडे सुटायला थोडी मदतच होते.

दुसरा उपाय म्हणजे बाटलीच्या तोंडाला लावायचा छोटा पंप. तो दाबत राहिलं की आत हवा भरते, बाटली कडक होते आणि गॅस टिकला असं वाटतं. इथे डाल्टनचा आंशिक दाब कामाला येतो. आपण भरली ती हवा, तिच्यात कार्बन डायऑक्साइड नावापुरताच. एकूण दाब वाढला, पण कार्बन डायऑक्साइडचा दाब होता तेवढाच राहिला, त्यामुळे पेयात तो किती टिकेल यात बदल होत नाही. एकूण दाब जास्त असल्यानं बाटली हिंदकळली तर बुडबुडे कमी सुटतील आणि गॅस थोडा सावकाश बाहेर येईल, एवढाच काय तो लाभ. बाटली हाताला कडक लागली म्हणजे पेयात गॅस आहे, ही खूण पंप वापरलेल्या बाटलीला लागू पडत नाही.

खरा उपाय हिशेबातच दिसतो. वरची रिकामी जागा कमी करा. उरलेलं लिटरभर पेय रिकाम्या एक लिटरच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरलं आणि वर फक्त पन्नास मिलिलिटर जागा राहिली, तर ५ अंशांना सहापैकी ५.८ ग्रॅम गॅस पेयातच राहतो. ओतताना थोडा गॅस जाईल. अगदी एक ग्रॅम गेला असं धरलं तरी जवळजवळ ४.८ ग्रॅम टिकतो, मोठ्या बाटलीतल्या साडेतीनपेक्षा कितीतरी जास्त. ओतण्याआधी पेय चांगलं गार असावं, दुसरी बाटलीही फ्रिजमध्ये ठेवून गार करावी, तिरकी धरून कडेनं ओतावं आणि फेस बसला की वरपर्यंत भरून लगेच झाकण लावावं. पाहुण्यांना द्यायच्या आधीच, बाटली पहिल्यांदा उघडताना, ही वाटणी केली तर आणखी चांगलं.

खरेदी करताना आणखी एक गोष्ट पाहावी. पेट प्लॅस्टिकच्या भिंतीतून कार्बन डायऑक्साइड अतिशय सावकाश, पण सतत बाहेर झिरपत असतो, काचेतून मात्र नाही. त्यामुळे न उघडलेली पेट बाटलीही काही महिन्यांत मवाळ होते. छोट्या बाटलीत पेयाच्या मानानं भिंतीचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून ती मोठीपेक्षा लवकर मवाळ होते, आणि उन्हात ठेवलेली त्याहून लवकर. एकटा पिणारा असेल तर छोट्या बाटल्या घ्याव्यात, पण अलीकडची तारीख पाहून आणि सावलीत ठेवलेल्या. घरी बरेच जण एकाच बैठकीत संपवणार असतील तरच दोन लिटरची बाटली परवडते, कारण ती अर्धी झाल्यावर तिचं झाकण कितीही घट्ट लावलं तरी वरची लिटरभर जागा आपला वाटा घेतेच.